एमबीबीएसनंतर पुण्यातल्या खासगी रुग्णालयात आरएमओचा अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या खासगी रुग्णालयांत एमबीबीएस डॉक्टरला पहिली नोकरी मिळते ती बहुधा आरएमओची. वॉर्ड, कॅज्युअल्टी किंवा आयसीयू, असं त्यातलं काहीतरी. अर्जात तीन रकाने असतात आणि त्यांच्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारणा होते: नोंदणी क्रमांक, इंटर्नशिपच्या पोस्टिंग आणि आवडीची शाखा. मी इथल्या एका रुग्णालयात आरएमओंच्या मुलाखती घेते. तिथे जे प्रश्न कानावर येतात त्यांची उत्तरं खाली देते आहे. ही माहिती एमबीबीएससाठी आहे. बीएएमएस आणि बीएचएमएसची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे होते, म्हणून ते इथे घेतलेलं नाही.

इंटर्नशिप संपली, पण कायम नोंदणीचा नंबर आलेला नाही. अर्ज करू का?

करा. नंबर येईपर्यंत थांबलात तर जागा भरून जाते. रकाना रिकामा ठेवू नका आणि तिथे नुसता प्रोव्हिजनल नंबरही टाकू नका. 'प्रोव्हिजनल नोंदणी क्रमांक अमुक, कायम नोंदणीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अमुक तारखेला अर्ज केला' असं एका ओळीत लिहा आणि पावती जोडा. रुग्णालय मुलाखत घेईल, कदाचित निवडही करेल. रुजू होण्याची तारीख मात्र नंबर आल्यावरचीच असेल.

सगळ्यात जास्त उशीर कौन्सिलच्याही आधी, महाविद्यालयातच होतो. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळायला प्रत्येक विभागाची सही लागते. एखाद्या विभागात तुमच्या दोन रजांची नोंद जुळत नसेल तर फाइल तिथेच पडून राहते. वर्षभरात १५ दिवसांपर्यंत रजा मिळते, त्यापुढचे दिवस भरून द्यावे लागतात. तेव्हा शेवटच्या पोस्टिंगची वाट पाहू नका. प्रत्येक पोस्टिंग संपली की त्याच आठवड्यात सही घेऊन टाका.

मित्र इंटर्नशिप करतानाच रात्री एका नर्सिंग होममध्ये ड्युटी करतो. चालतं का ते?

नाही. प्रोव्हिजनल नोंदणी ही मान्यताप्राप्त संस्थेत, देखरेखीखाली इंटर्नशिप करण्यापुरतीच असते. बाहेर स्वतंत्रपणे रुग्ण तपासायची मुभा तिच्यात नाही. नोंदणीविना व्यवसाय केला तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

रोजच्या कामात हा प्रश्न उभा राहतो तो सहीच्या जागी. रात्री तीन वाजता वॉर्डात मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ४, भरावं लागतं आणि त्यावर डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. एमएलसीच्या कागदांचंही तसंच. तिथे इंटर्नचा प्रोव्हिजनल नंबर पडला आणि पुढे तक्रार झाली, तर त्या कागदाचं समर्थन कोणालाच करता येत नाही. असा 'अनुभव' अर्जात लिहिणारे दरवर्षी भेटतात. तो वाचून मुलाखत घेणाऱ्याचं मत तुमच्या विरुद्धच जातं.

नोंदणी क्रमांक लिहिताना काय सांभाळायचं?

कौन्सिलचा नंबर वर्ष, महिना आणि क्रमांक अशा तीन भागांत असतो आणि मध्ये तिरप्या रेघा असतात. तो प्रमाणपत्रावर जसा आहे तसाच, पूर्ण लिहा. एचआरमधली व्यक्ती तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून बघते. पहिलं वर्ष गाळून शेवटचेच आकडे लिहिलेत की भलत्याच डॉक्टरचं नाव समोर येतं.

नावाचा घोळ तर नेहमीचाच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे फक्त आद्याक्षर. एवढ्यावरून कोणी अडत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल आणि नोंदणी जुन्या नावाने असेल, तर अर्जावर नोंदणीतलं नाव लिहा आणि नवं नाव सोबत नोंदवा. नव्या नावाने प्रिस्क्रिप्शन लिहायला सुरुवात करण्याआधी कौन्सिलकडे नाव बदलून घ्या.

महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. नुकत्याच पास झालेल्यांना ही काळजी नाही. मध्ये बरीच वर्षं खंड पडलेल्यांनी मुदतीची तारीख पाहून मगच अर्ज पाठवावा.

माझी नोंदणी कर्नाटकातली आहे. पुण्यात चालेल?

मुलाखतीला चालेल, कामाला नाही. आधीच्या राज्याच्या कौन्सिलकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. दोन कार्यालयांमधला पत्रव्यवहार आहे, वेळ जातोच. पुण्यात यायचं पक्कं झालं की त्याच दिवशी अर्ज टाका.

शासकीय महाविद्यालयातून शिकलो, बॉण्ड बाकी आहे. अर्जात सांगू का?

सांगा. शासकीय महाविद्यालयातल्या एमबीबीएसला एक वर्षाची शासकीय सेवा असते, ती टाळायची तर १० लाख रुपये भरावे लागतात. मुलाखत घेणाऱ्यांना हे पाठ आहे, बीजेचा किंवा सोलापूरचा विद्यार्थी दिसला की हा प्रश्न येतोच. 'बॉण्डची नेमणूक अजून आलेली नाही, आली की जाणार' असं सांगितलंत तर रुग्णालय त्या हिशेबाने ठेवतं किंवा नाही म्हणतं. न सांगता रुजू होऊन दोन महिन्यांत नेमणुकीचं पत्र घेऊन आलात, तर नोटीस पिरियडचे पैसे कापले जातात आणि वर कटकट.

इंटर्नशिपच्या पोस्टिंग किती तपशिलात लिहायच्या? सगळ्यांच्या सारख्याच तर असतात.

सारख्या असतात, म्हणूनच नुसती यादी कोणी वाचत नाही. २०२१ च्या नियमांनुसार इंटर्नशिप ५२ आठवड्यांची. त्यात कम्युनिटी मेडिसिन १२, स्त्रीरोग-प्रसूती ७, मेडिसिन आणि सर्जरी प्रत्येकी ६, बालरोग ३, मग दोन-दोन आणि एक-एक आठवड्यांचे बाकीचे विभाग. हे कोष्टक माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या अर्जात असतं.

मला हवं असतं ते असं: त्या सहा आठवड्यांत तुमच्या हातून काय झालं, आणि होत असताना शेजारी कोण होतं. त्यासाठी चार पायऱ्या पुरतात. पाहिलं, मदत केली, कोणीतरी शेजारी असताना केलं, एकट्याने केलं. प्रत्येक मोठ्या पोस्टिंगपुढे दोन-तीन ओळी या पायऱ्यांच्या भाषेत लिहा. त्वचारोग, कान-नाक-घसा, नेत्र यांना एकेक ओळ द्या किंवा एकत्र उरका.

ठिकाणही लिहा. ससूनच्या कॅज्युअल्टीत काढलेले दोन आठवडे आणि एखाद्या खासगी महाविद्यालयाच्या शांत कॅज्युअल्टीतले दोन आठवडे यांत फरक असतो, आणि तो वाचणाऱ्याला कळतो. शांत ठिकाणी होतात म्हणून तोटा होतो असं नाही. तिथे शिकवायला लोकांना वेळ असतो, प्रक्रिया नीट शिकवली जाते. फक्त आकडे मग त्या ठिकाणाला शोभतील असेच असावेत.

एखादं उदाहरण देता का?

सोलापूरकडची एक मुलगी आहे असं धरू. शासकीय महाविद्यालयातून इंटर्नशिप झालेली, कोथरूडमधल्या एका रुग्णालयात आयसीयू आरएमओसाठी अर्ज करते आहे, पुढे ॲनेस्थेशिया करायचं आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात मेडिसिनसमोर 'सहा आठवडे, वॉर्ड आणि आयसीयूमधील सर्व प्रक्रिया केल्या' एवढंच आहे आणि ॲनेस्थेशियासमोर 'दोन आठवडे, इंट्युबेशन शिकले'.

'सर्व प्रक्रिया' वाचलं की मुलाखत घेणारा त्यातली सगळ्यात अवघड प्रक्रिया विचारतो. सेंट्रल लाइन टाकलीस का? नाही, पाहिली. मग 'सर्व' कसं? पहिल्याच मिनिटाला ती बचावाच्या पवित्र्यात जाते.

तीच माहिती अशी लिहिली तर बघा. 'मेडिसिन, ६ आठवडे, त्यातले दोन आयसीयूत. एबीजीचे नमुने, रायल्स ट्यूब आणि कॅथेटर एकटीने. प्लूरल टॅप दोन, रेसिडेंट शेजारी असताना. सेंट्रल लाइन फक्त पाहिली आहे. ॲनेस्थेशिया, २ आठवडे. बॅग-मास्क व्हेंटिलेशन रोज. इंट्युबेशन चार, सगळी थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ शेजारी असताना. आयसीयूत इंट्युबेशन केलेलं नाही.'

हे वाचून मी तिला सेंट्रल लाइनबद्दल विचारणारच नाही, कारण उत्तर समोर आहे. मी इंट्युबेशनवर थांबेन. ट्यूब योग्य जागी गेली हे कशावरून ठरवलंस? छातीची हालचाल आणि स्टेथोस्कोप तर आहेतच, पण कॅप्नोग्राफवरची कार्बन डायऑक्साइडची लाट, हे उत्तर आलं की ती थिएटरमध्ये डोळे उघडे ठेवून उभी होती हे कळतं. ट्यूब बसत नाही आणि सॅच्युरेशन घसरायला लागलं, तर? 'थांबते, बॅग-मास्कने ऑक्सिजन देते आणि सीनियरला हाक मारते.' आयसीयूच्या आरएमओकडून मला हेच हवं असतं. चारच इंट्युबेशन केलेल्या मुलीने तिसऱ्यांदा प्रयत्न करत बसणं मला नको आहे.

'आयसीयूत केलेलं नाही' या वाक्याला मुलं घाबरतात, काढून टाकू का विचारतात. ते वाक्य राहू द्या. थिएटरमधला उपाशीपोटीचा, स्थिर रुग्ण आणि आयसीयूतला भरल्या पोटाचा, रक्तदाब घसरलेला रुग्ण यांतला फरक तुम्हाला कळतो, हे त्या एका वाक्यातून दिसतं.

लॉगबुक मुलाखतीला न्यावं का?

न्या. बहुतेक ठिकाणी कोणी उघडणार नाही. पण अर्जातला आकडा आणि लॉगबुकमधला आकडा जुळायला हवा. अर्जात ३० प्रसूती आणि लॉगबुकमध्ये ११, असं निघालं तर पुढचं बोलणंच संपतं. लेबर रूममध्ये तुम्ही कदाचित ३० पाहिल्या असतील. मग 'पाहिल्या' असं लिहा.

पीएचसीतले बारा आठवडे खासगी रुग्णालयाच्या काय कामाचे? ते गाळू का?

गाळू नका. माझ्या मते अर्जातला सगळ्यात कमी वापरला जाणारा भाग हाच. बहुतेक जण 'लसीकरण, ओपीडी, राष्ट्रीय कार्यक्रम' असे तीन शब्द टाकून मोकळे होतात.

मावळात किंवा जुन्नरकडे पावसाळ्यात पोस्टिंग झाली असेल तर सर्पदंश पाहिलेला असतो. समजा तुम्ही लिहिलंत की रात्री आलेल्या रुग्णाची २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वतः केली, रक्त गोठलं नाही, मेडिकल ऑफिसरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे अँटीव्हेनमच्या १० कुप्या सुरू केल्या आणि १०८ बोलावून रुग्ण पुढे पाठवला. यावर मी लगेच विचारेन, नळी कसली होती? काचेची, कोरडी, स्वच्छ. प्लास्टिकची का नाही? कारण काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमध्ये साधं निरोगी रक्तही वेळेत गोठणार नाही आणि घोणस चावली असं वाटून बसाल. साबणाने धुतलेली नळीही त्याच कारणाने फसवते. आणि ती २० मिनिटं नळी हलवायची नाही. 'गोठतंय का बघू' म्हणून दर पाच मिनिटांनी तिरपी करणाऱ्याचं उत्तर चुकतं.

हे ज्याने केलं आहे त्याला सांगता येतं, वाचलेल्याला अर्धंच सांगता येतं. शिवाय रुग्ण पुढे पाठवताना तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलंत, समोरच्या रुग्णालयाला फोन केलात का, हे तर खासगी रुग्णालयात रोजचं काम आहे.

आवडीची शाखा काय लिहू? पीजीचं अजून ठरलं नाही.

तर 'ठरलेलं नाही' असं लिहा आणि कोणत्या दोन विभागांत काम करायला आवडेल ते सांगा. रुग्णालयाला या रकान्यातून तुमची ड्युटी ठरवायची असते. आयसीयू, कॅज्युअल्टी, वॉर्ड, लेबर रूम, थिएटरमध्ये असिस्ट करायला कोण, असा तो हिशेब असतो.

मेडिसिन, ॲनेस्थेशिया किंवा इमर्जन्सीकडे ओढा असेल तर आयसीयू आणि कॅज्युअल्टी जुळतात. सर्जरी, ऑर्थो असेल तर थिएटर असिस्टंटची जागा विचारा, मात्र ती प्रत्येक ठिकाणी नसते. बालरोग असेल तर एनआयसीयू असलेलं रुग्णालय निवडा.

रेडिओलॉजी लिहिणाऱ्यांचा हमखास गैरसमज असतो की नोकरीत सोनोग्राफीवर हात बसेल. बसणार नाही. पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीन आणि ते वापरणारे डॉक्टर दोन्ही नोंदवलेले असतात, आरएमओने प्रोब उचलायचा नाही. शिकण्याच्या हेतूनेही नाही. रेडिओलॉजी करायची असेल तर तसं खुशाल लिहा, पण 'तोपर्यंत कॅज्युअल्टीत काम करायला तयार आहे' हेही जोडा. त्वचारोगवाल्यांना तेच.

नीट-पीजीची तयारी करतो आहे हे लपवू का?

लपवून उपयोग नाही. एमबीबीएसनंतर आरएमओच्या जागेवर येणारे जवळपास सगळे तेच करत असतात. मुलाखतीत प्रश्न येतो तो 'किती महिने राहणार' हा, आणि त्याचं उत्तर तारखेसह द्या. परीक्षेआधी किती दिवस सुट्टी लागेल, जागा मिळाली तर किती दिवसांची नोटीस द्याल. मघाची सोलापूरची मुलगी असं लिहू शकते: 'ॲनेस्थेशियात रस आहे. नीट-पीजी देणार आहे. परीक्षेपूर्वी एक महिना बिनपगारी रजा हवी, जागा मिळाल्यास एक महिन्याची नोटीस देईन.' रोस्टर लावणाऱ्याला यात नियोजन करता येतं. 'दीर्घकाळ आपल्या संस्थेत सेवा करण्याची इच्छा आहे' हे वाक्य मात्र कोणीही खरं मानत नाही.

या रुग्णालयात डीएनबी आहे. इथे आरएमओ असलो तर जागा मिळायला मदत होईल?

जागा मिळण्यात नाही. पुण्यात दीनानाथ मंगेशकर, रुबी हॉल, केईएम अशा रुग्णालयांत डीएनबीचं शिक्षण चालतं, पण प्रवेश नीट-पीजीचा क्रमांक आणि केंद्रीय समुपदेशनातूनच होतो. तिथे रुग्णालयाच्या हातात काही नसतं. कोणी 'बघू आपण' असं सुचवलं तरी त्यावर विसंबू नका.

दुसरा फायदा मात्र खरा आहे. डीएनबीचे विद्यार्थी असलेल्या विभागात केस प्रेझेंटेशन होतात, राउंडवर चर्चा होते, आरएमओलाही मागे उभं राहून ऐकता येतं. उलट बाजू अशी की सगळ्या प्रक्रिया डीएनबीचे विद्यार्थीच करतात आणि तुमच्या वाट्याला डिस्चार्ज समरी येतात. हात बसवायचा असेल तर डीएनबी नसलेलं ५०-६० खाटांचं रुग्णालय कधीकधी जास्त शिकवतं.

पास होऊन दोन वर्षं नुसता अभ्यास केला. हा खंड कसा दाखवू?

आहे तसा. 'नीट-पीजीची तयारी' एवढं पुरेसं आहे, दिलगिरीचा सूर नको. प्रश्न हाताचा असतो, सवय राहिली आहे का. बीएलएस आणि एसीएलएस नव्याने करून घ्या. त्या प्रमाणपत्रांची मुदत दोनच वर्षांची असते, तेव्हा इंटर्नशिपमध्ये केलेलं संपलेलं असेल. आणि पहिले आठ-दहा दिवस कोणाबरोबर तरी जोडीने ड्युटी मागा. समजूतदार रुग्णालय देतं.

मुलाखतीत वैद्यकीय प्रश्न कसे असतात?

पुस्तकी कमी, रात्रीचे जास्त. माझा नेहमीचा एक प्रश्न: डायलिसिस चुकवलेला रुग्ण रात्री आला, पोटॅशियम ६.९, ईसीजीत टी वेव्ह उंच आणि टोकदार. काय कराल? बरेच जण इन्शुलिनपासून सुरुवात करतात. आधी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिली, मॉनिटर लावून हळू शिरेतून, कारण हृदय सांभाळणं पहिलं. मग ग्लुकोजबरोबर इन्शुलिन, सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, आणि हे चालू असतानाच नेफ्रॉलॉजिस्टना फोन. इथे 'फोन' शब्द आला नाही तर मी वाट पाहते. कॅल्शियम आणि इन्शुलिनने पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही, थोडा वेळ मिळतो, म्हणून डायलिसिसची तयारी त्याच वेळी सुरू व्हायला हवी.

आपण काय विचारायचं? पगार सोडून.

पगार विचाराच, लाजू नका. त्यासोबत रात्री एका आरएमओकडे किती खाटा, आयसीयूत किती व्हेंटिलेटर, रात्री इमारतीत सीनियर कोण असतं आणि भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतात. शेवटच्या प्रश्नाला 'येतात ते' असं उत्तर आलं तर आयसीयूची जागा घेण्याआधी विचार करा. इंडेम्निटी विमा रुग्णालय काढतं की तुम्हाला काढायचा आहे, तेही विचारा.

मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या. नोकरी संपेपर्यंत ठेवून घेऊ म्हणाले तर नाही म्हणा. पीजीची जागा मिळाली की तीच कागदपत्रं तुम्हाला ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात हजर करायची असतात.